छापलेल्या नोटांचा महसूल आणि महागाईचा कर

सरकारच्या खर्चाला पैसा येतो तो मुख्यतः तीन वाटांनी. कर बसवायचा, कर्ज काढायचे किंवा नवे चलन काढायचे. पहिल्या दोन वाटांवर विधिमंडळात चर्चा होते, वर्तमानपत्रांत रकाने भरतात. तिसरी वाट बहुधा गुपचूप चालते. तिच्यावर मतदान होत नाही, वसुलीला कारकून लागत नाही आणि भरणाऱ्याला पावती मिळत नाही. या वाटेने सरकारच्या हाती पडणाऱ्या मिळकतीला अर्थशास्त्रात 'सेन्योरेज' म्हणतात, आणि चलनाची खरेदीशक्ती घटल्यामुळे ते बाळगणाऱ्यांचा जो तोटा होतो त्याला महागाईचा कर. या दोन गोष्टी एकच आहेत असे पुष्कळदा धरले जाते. त्या एकच नाहीत, आणि या विषयातल्या बऱ्याच मतभेदांची मुळे त्यांच्यामधल्या अंतरात सापडतात.

या लेखात वादाची आजची स्थिती मांडायची आहे. त्यासाठी दोन प्रकरणे जवळून पाहू : दुसऱ्या महायुद्धातला आपला रुपया आणि १९८० च्या दशकातला बोलिव्हियाचा पेसो. दोन्हीकडे नोटांचा पूर आला, पण परिणाम फार वेगळे झाले.

टांकसाळीचा नफा

नाणे पाडणाऱ्याला नफा उरतो, ही गोष्ट नाण्याइतकीच जुनी आहे. धातूची किंमत आणि पाडणावळ मिळून नाण्याच्या दर्शनी किमतीपेक्षा कमी असली की मधला फरक टांकसाळीच्या मालकाचा. तो वाढवायचा सोपा उपाय म्हणजे नाण्यात हीण मिसळणे. मुहम्मद तुघलकाने १३२९-३० च्या सुमारास चांदीच्या टंकाच्या मोलाने तांब्या-पितळेची नाणी चालवली तेव्हा हा फरक जवळजवळ पूर्ण किमतीइतका झाला. पण तो नफा सरकारपुरता राहिला नाही. घरोघरी तशीच नाणी पडू लागली आणि सुलतानाला ती परत घ्यावी लागली. सेन्योरेज मिळायचे तर चलन काढण्याचा मक्ता टिकला पाहिजे, ही पहिली अट तिथेच दिसते.

ब्रिटिश भारतात १८९३ पर्यंत कोणीही चांदी नेऊन टांकसाळीत रुपये पाडून घेऊ शकत असे. त्या वर्षी टांकसाळी खुल्या नाणेपाडणीला बंद झाल्या. रुपयाची दर्शनी किंमत त्यातल्या चांदीपेक्षा वर राहू लागली आणि हा फरक सरकारचा झाला. १९०० पासून या नफ्यातून 'गोल्ड स्टँडर्ड रिझर्व्ह' उभा राहिला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२३ च्या 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी'मध्ये या रचनेवर नेमके बोट ठेवले. हा राखीव निधी वाढायला हवा असेल तर आणखी रुपये काढावे लागतात, म्हणजे ज्याने रुपया सावरायचा तोच रुपया वाढवून भरायचा. चलन काढणाऱ्याच्या मर्जीवर त्याचा पुरवठा सोडू नये, रुपये काढण्यालाच मर्यादा असावी, असा त्यांचा आग्रह होता. पुढे ज्याला मध्यवर्ती बँकेची स्वायत्तता म्हणू लागले त्या चर्चेचे बीज यात आहे, असे मला वाटते.

त्याच १९२३ मध्ये केन्सने आपल्या चलनसुधारणेवरील पुस्तकात चलनवाढ ही करवसुलीची एक पद्धत म्हणून मांडली. जर्मनीचा मार्क तेव्हा डोळ्यांदेखत कोसळत होता. केन्सचे म्हणणे साधे होते : ज्या सरकारला दुसरा कोणताही कर वसूल करता येत नाही, त्यालाही हा कर वसूल करता येतो.

हिशेब कसा चालतो

समजा एका देशात एकूण १०० कोटींच्या नोटा फिरत आहेत. सरकारने आणखी २५ कोटी छापले आणि बाजारातून धान्य, कापड, मजुरी विकत घेतली. माल तेवढाच राहिला आणि लोकांची रोख बाळगण्याची सवय बदलली नाही, तर भाव शेवटी २५ टक्क्यांनी वाढतील. पूर्वी ज्याच्या खिशात १०० रुपये होते त्याच्याजवळ अजूनही १०० रुपयेच आहेत. त्यांत आता जुन्या ८० रुपयांचा माल येतो. उरलेल्या २० रुपयांचा माल सरकारने नेला. नोटा बाळगणाऱ्यांवर २० टक्के कर बसला, इतकेच यातले रहस्य. व्यवहारात ओझे याहून विषम पडते, कारण नवा पैसा ज्याच्या हाती आधी पोचतो तो जुन्या भावाने खरेदी करतो आणि ज्याची मजुरी सर्वांत शेवटी वाढते तो नव्या भावाने.

माल वाढत असेल तर मात्र गोष्ट निराळी. अर्थव्यवस्था वर्षाला सहा टक्क्यांनी वाढत असेल, तर व्यवहारासाठी लोकांना तितकी जास्त रोख लागते. नोटा आणि बँकांच्या राखीव रकमा मिळून पायाभूत चलन उत्पन्नाच्या १२ टक्के असेल, तर दरसाल उत्पन्नाच्या सुमारे पाऊण टक्क्याइतके नवे चलन भाव न वाढवता खपून जाते. हे सेन्योरेज आहे, पण महागाईचा कर नाही. त्यापलीकडे छापलेला पैसा भावांत उतरतो आणि तिथून कर सुरू होतो.

आता हा कर किती गोळा करता येईल? दर वाढवला की उत्पन्न वाढेलच असे नाही, कारण या कराचा पाया लोकांच्या हातातली रोख आहे आणि महागाई वाढली की लोक ती कमी बाळगतात. एक कल्पित उदाहरण घेऊ. महागाई १० टक्के असताना लोक राष्ट्रीय उत्पन्नाच्या १० टक्के इतके चलन बाळगतात. सरकारला उत्पन्नाच्या एक टक्का मिळकत झाली. महागाई ६० टक्क्यांवर गेल्यावर बाळगलेली रोख पाच टक्क्यांवर आली, तर मिळकत तीन टक्के. महागाई १०० टक्के आणि रोख ३.२ टक्के, तर मिळकत ३.२. महागाई २०० टक्के आणि रोख फक्त १.२ टक्के, तर मिळकत २.४, म्हणजे उलट कमी. या देशात छापून भागवता येणारी तूट उत्पन्नाच्या साधारण सव्वातीन टक्क्यांच्या वर जाऊ शकत नाही. सरकारची तूट चार टक्के असेल आणि ती छापूनच भागवायचा हट्ट असेल, तर महागाई कुठल्याही एका दरावर स्थिरावत नाही. ती वाढतच राहते.

फिलिप केगन यांनी १९५६ मध्ये विसाव्या शतकातल्या सात अतिमहागाईंचा अभ्यास करून याच वक्राचे मोजमाप केले. महिन्याला ५० टक्क्यांपेक्षा जास्त भाववाढ म्हणजे अतिमहागाई, ही रूढ व्याख्या त्यांचीच. जर्मनीत सर्वाधिक मिळकत देणारा दर महिन्याला सुमारे २० टक्के निघत होता आणि प्रत्यक्षातली सरासरी ३०० टक्क्यांच्या वर होती. सरकारे स्वतःच्या फायद्याच्या बिंदूपलीकडे इतकी लांब का जातात, हे कोडे तेव्हापासून चर्चेत आहे. लोकांना पैशापासून पळायला थोडा वेळ लागतो आणि तेवढ्या वेळात सरकारला तात्पुरती जास्त मिळकत होते, हे त्याचे एक उत्तर आहे. पण ते पूर्ण नाही.

युद्धातला रुपया

सप्टेंबर १९३९ मध्ये भारतात सुमारे १८० कोटींच्या नोटा फिरत होत्या. युद्ध संपताना हा आकडा ११०० कोटींच्या वर गेला होता. याच काळात घाऊक भावांचा निर्देशांक ऑगस्ट १९३९ च्या १०० वरून २४० च्या आसपास पोचला.

या नोटा निघत कशा होत्या, हे पाहण्यासारखे आहे. १९३९ च्या करारानुसार भारताच्या स्वतःच्या संरक्षणाचा ठरलेला खर्च भारताने करायचा आणि भारतातून लढल्या जाणाऱ्या साम्राज्याच्या युद्धाचा बाकीचा खर्च ब्रिटनने. पण ब्रिटनचा वाटा रुपयांत येत नव्हता. सैन्यासाठी कापड, धान्य, बूट, तंबू इथल्या बाजारातून रुपयांनी घेतले जात. त्याबद्दल लंडनमध्ये रिझर्व्ह बँकेच्या खात्यावर पौंड जमा होत आणि ब्रिटिश सरकारच्या रोख्यांत गुंतवले जात. रिझर्व्ह बँकेच्या कायद्यातल्या कलम ३३ नुसार नोटांमागे किमान ४० टक्के सोने किंवा स्टर्लिंग रोखे लागत. स्टर्लिंग रोखे जमत होते, तेव्हा त्यांच्यावर नोटा काढणे कायद्याने अगदी चोख होते. भारत सरकारची स्वतःची तूट होतीच, ती वेगळी. रुपयाच्या नाण्यातही हात घातला गेला. १८० ग्रेनच्या रुपयात अकरा बारांश चांदी असे, ती १९४० मध्ये निम्म्यावर आली. म्हणजे १६५ ग्रेनऐवजी ९० ग्रेन चांदी आणि दर्शनी किंमत तीच. त्याच वर्षी सरकारने एक रुपयाची नोटही काढली. लोकांनी जुने चांदीचे रुपये गाठीला बांधले. पुढे सुट्ट्या पैशांचीही इतकी ओढ झाली की १९४३ मध्ये मधोमध भोक असलेला हलका पैसा पाडावा लागला.

यावर दोन बाजू उभ्या राहिल्या. सरकारी बाजू अशी, की नोटांना स्टर्लिंगचा पुरेपूर आधार आहे, तेव्हा ही चलनवाढ म्हणता येणार नाही. भाव वाढले ते ब्रह्मदेश पडल्याने तिकडचा तांदूळ बंद झाला म्हणून, रेल्वेचे डबे लष्कराने अडवले म्हणून आणि व्यापाऱ्यांनी माल दडवला म्हणून. ही कारणे खोटी नव्हती. जास्त नफ्यावर कर, बचत योजना, १९४३ पासून सोन्याची विक्री, असे पैसा शोषून घेण्याचे उपायही सरकारने केले.

दुसरी बाजू मुंबई विद्यापीठाचे सी. एन. वकील यांनी १९४३ च्या 'द फॉलिंग रुपी'मध्ये मांडली आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये वीस भारतीय अर्थशास्त्रज्ञांनी तिचाच पुरस्कार करणारे संयुक्त निवेदन काढले. त्यांचा मुद्दा असा की लंडनमधल्या पौंडांनी भारतात एक पोतेही धान्य येत नाही, कारण ब्रिटनजवळ निर्यातीला माल नाही आणि आणायला जहाजे नाहीत. माल देशाबाहेर किंवा सैन्याकडे जातो आणि त्याच्या बदल्यात इथे फक्त कागद वाढतो. अशा वेळी आधार कशाचा आहे याने भावांना फरक पडत नाही. फरक पडतो तो नव्या नोटांसमोर विकायला माल किती आहे याने. माझ्या मते वादाचा हा भाग वकील यांच्या बाजूने निकाली निघालेला आहे. चलनाच्या मागे काय ठेवले आहे हा प्रश्न त्याच्या पुढच्या काळातल्या मोलासाठी महत्त्वाचा असेल, पण त्या मोसमातल्या गव्हाच्या भावासाठी नाही.

स्वतः ब्रिटनने दुसरा मार्ग धरला होता. केन्सने १९४० मध्ये सुचवलेल्या सक्तीच्या बचतीचा काही अंश, जबर प्राप्तिकर आणि कडक रेशनिंग यांच्या जोरावर तिथे जीवनमानाच्या खर्चाचा अधिकृत निर्देशांक युद्धकाळात सुमारे ३० टक्केच वाढला. एकाच युद्धाचा खर्च एका देशात बव्हंशी कराने, कर्जाने आणि शिधापत्रिकेने भागला, आणि दुसऱ्यात मोठ्या प्रमाणावर नोटांनी.

भार कोणावर पडला, याचे सर्वांत क्रूर चित्र बंगालमध्ये दिसले. दुष्काळ चौकशी आयोगाच्या नोंदींप्रमाणे कलकत्त्यात तांदळाचा भाव डिसेंबर १९४२ मध्ये मणाला १३-१४ रुपये होता, मार्च १९४३ मध्ये २१ आणि मे महिन्यात ३० च्या वर. अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये दाखवले की धान्याच्या एकूण उपलब्धतेतली घट या मरणांचा उलगडा करायला पुरी पडत नाही. युद्धखर्चाने शहरातली मागणी फुगली आणि शेतमजूर, कोळी, कारागीर यांची कमाई भावांच्या मागे राहिली. सेन यांच्या आकडेवारीवर नंतर आक्षेप घेतले गेले आहेत आणि पिकाची तूट त्यांनी कमी धरली असे मानणारे अभ्यासक आहेत. मजुरी भावांच्या मागे पडली याबद्दल मात्र फारसे दुमत नाही.

एक कोडे उरते. नोटा सहापटींहून जास्त झाल्या आणि भाव अडीचपटींच्या आत राहिले. म्हणजे लोकांनी बाळगलेल्या रोखीचे खरे मोल या काळात वाढले, निदान आकड्यांवरून. त्याची कारणे अनेक सांगितली जातात. युद्धाच्या कामांमुळे रोखीने मजुरी मिळवणारे वाढले. खरेदी करायला मालच नव्हता, म्हणून पैसा साठला. नियंत्रित भाव निर्देशांकात आले आणि काळ्या बाजाराचे आले नाहीत. यांतला कोणता वाटा केवढा, हे आजही नीट वेगळे करता आलेले नाही. एवढे खरे की लोक रुपयापासून पळाले नाहीत. म्हणूनच भारतात भाव वेगाने वाढूनही गणित हाताबाहेर गेले नाही. ते हाताबाहेर गेल्यावर काय होते, हे बोलिव्हियात दिसले.

बोलिव्हिया : पाया वितळतो तेव्हा

१९७० च्या दशकात बोलिव्हियाच्या सरकारने परदेशी बँकांकडून भरपूर कर्ज घेतले. ऑक्टोबर १९८२ मध्ये एर्नान सिलेस सुआसो अध्यक्ष झाले तोवर ती टाकी आटली होती. नवे कर्ज मिळेना आणि जुन्याचे हप्ते थांबेनात. तूट तीच राहिली, ती भागवणारा मात्र बदलला. परदेशी बँकांच्या जागी देशाची मध्यवर्ती बँक आली. नव्या चलनातून मिळणारी सरकारची मिळकत राष्ट्रीय उत्पन्नाच्या दोन टक्क्यांच्या आसपास असे, ती १९८४ मध्ये दहा टक्क्यांच्या वर गेली. लक्षात घ्यायची गोष्ट अशी, की अतिमहागाईच्या काळात सरकारचा खर्च फुगला नव्हता. फुगली होती ती छापून भागवायची रक्कम.

यात दुसरे चक्र अडकले. कर आकारला जातो त्या दिवशी आणि भरला जातो त्या दिवशी यांत काही आठवड्यांचे अंतर असते. महिन्याला ५० टक्के महागाई असेल, तर दोन महिने उशिरा भरलेल्या १०० पेसोंचे मोल ४४ उरते. भरणारा हे जाणतो आणि जमेल तितका उशीर करतो. हुलिओ ऑलिव्हेरा आणि व्हितो तान्झी यांच्या नावांनी ओळखला जाणारा हा परिणाम बोलिव्हियात टोकाला गेला. सरकारी तेलकंपनीच्या इंधनाचे भाव आणि डॉलरचा अधिकृत दर मागेच राहत होते, त्यामुळे तिकडूनही पैसा येईना. १९८० च्या सुमारास राष्ट्रीय उत्पन्नाच्या नऊ टक्क्यांजवळ असलेला सरकारचा करमहसूल १९८४ मध्ये तीन टक्क्यांच्या खाली गेला. छापल्यामुळे महागाई, महागाईमुळे करवसुली कमी, म्हणून आणखी छापणे. महागाईचा कर बाकीच्या करांना खाऊन टाकत होता.

नोटा देशात छापल्याही जात नव्हत्या. त्या पश्चिम जर्मनी आणि ब्रिटनमधून विमानांनी येत आणि १९८४ मध्ये गहू व खाणीची यंत्रसामग्री यांच्यामागोमाग चलन ही देशाची तिसऱ्या क्रमांकाची आयात होती. फेब्रुवारी १९८५ या एका महिन्यात भाव १८२ टक्क्यांनी वाढले. ऑगस्ट १९८४ ते ऑगस्ट १९८५ या बारा महिन्यांत ते सुमारे २०० पटींवर गेले.

६ ऑगस्ट १९८५ ला व्हिक्तोर पास एस्तेन्सोरो सत्तेवर आले. १९५२ च्या क्रांतीनंतर खाणींचे राष्ट्रीयीकरण करणारे हेच नेते. २९ ऑगस्टला त्यांनी २१०६० क्रमांकाचा हुकूम काढला. इंधनाचे भाव एका फटक्यात अनेक पटींनी वाढवले, सरकारी पगार गोठवले, डॉलरचा दर खुला केला, परदेशी व्यापारी बँकांचे हप्ते थांबलेलेच ठेवले आणि तिजोरीत आले तेवढेच खर्चायचे असे ठरवले. साधारण दहा दिवसांत भाव थांबले. वर्षाअखेरीस खर्चाचा हात थोडा सैल सुटला आणि जानेवारी १९८६ मध्ये महिन्याची भाववाढ पुन्हा ३३ टक्क्यांवर गेली. हात आवळल्यावर ती बसली. हा छोटा झटका मला मूळ स्थिरीकरणापेक्षा जास्त बोलका वाटतो, कारण त्यात कारण आणि परिणाम यांच्यात काही आठवड्यांचेच अंतर होते.

किंमत मोठी होती. टिनचा भाव त्याच ऑक्टोबरमध्ये जगभर कोसळला आणि सरकारी खाणींतले हजारो कामगार घरी गेले. १९८७ मध्ये दहा लाख पेसोंचा एक बोलिव्हियानो झाला. लोकांचा विश्वास मात्र हुकुमाने परतला नाही. २००० च्या सुमारासही तिथल्या बँकांतल्या नव्वद टक्क्यांहून जास्त ठेवी डॉलरमध्ये होत्या. ठेवी डॉलरमध्ये, म्हणजे सरकारच्या पुढच्या सेन्योरेजचा पाया लहान.

कारण कोणते, परिणाम कोणता

या सगळ्याचा अर्थ लावणाऱ्यांचे ढोबळमानाने चार पक्ष आहेत.

मिल्टन फ्रीडमन यांच्या परंपरेतले अभ्यासक म्हणतात की सतत चालणारी भाववाढ ही उत्पादनापेक्षा चलन वेगाने वाढल्यामुळेच होते. एखाद्या दुष्काळाने भाव एकदा चढतील, पण दरवर्षी चढत राहायला दरवर्षी नवा पैसा लागतो.

दुसरा पक्ष साखळी उलटी वाचतो. १९२० च्या दशकात जर्मनीतले अनेक जण, पुढे जोन रॉबिन्सन आणि लॅटिन अमेरिकेतले संरचनावादी यांचे म्हणणे असे की परकीय देण्यांमुळे चलनाचा विनिमय दर कोसळतो, आयात महागते, मजुरी मागोमाग वाढते आणि वाढलेल्या भावांना पुरेल एवढा पैसा काढणे बँकेला भाग पडते. अन्नधान्याचा पुरवठा अडलेल्या देशांतही असेच घडते. बोलिव्हियाच्या गोष्टीची सुरुवात परदेशी कर्ज थांबण्याने झाली, हे या पक्षाचे बळ आहे. छापून तूट भागवणे थांबताच भाववाढ दहा दिवसांत थांबली, हे त्याचे अवघड ठिकाण.

तिसरा पक्ष नजर चलनावरून तिजोरीकडे वळवतो. थॉमस सार्जंट आणि नील वॉलेस यांनी १९८१ मध्ये दाखवले की सरकार तूट कमी करणार नसेल आणि कर्जावरचा व्याजदर अर्थव्यवस्थेच्या वाढीपेक्षा जास्त असेल, तर आज न छापता कर्ज काढणे म्हणजे पुढे जास्त छापणे. पुढच्या वर्षी सार्जंट यांनी पहिल्या महायुद्धानंतरच्या ऑस्ट्रिया, हंगेरी, पोलंड आणि जर्मनीच्या अतिमहागाई तपासल्या. चारही ठिकाणी भाव अचानक थांबले आणि त्यानंतर कित्येक महिने नोटा वाढतच राहिल्या. लोकांना सरकारच्या हिशेबावर विश्वास बसला आणि ते पुन्हा रोख बाळगू लागले, असे त्यांचे स्पष्टीकरण. नोटांची नुसती मोजदाद का पुरत नाही, हे यातून स्पष्ट होते.

चौथा पक्ष म्हणतो की कामगार बेकार आणि यंत्रे बंद असतील तर नवा पैसा आधी उत्पादन वाढवतो. मर्यादा पैशाची नसते, मालाची असते. आपल्याकडे हा वाद दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या वेळी रंगला. ४,८०० कोटींच्या आराखड्यात १,२०० कोटी तुटीच्या अर्थभरण्याने उभे करायचे होते. बी. आर. शेणॉय यांनी १९५५ मध्ये त्यावर असहमतीची टिपणी लिहिली. दुसरीकडे व्ही. के. आर. व्ही. राव यांनी त्याआधीच इशारा दिला होता की शेतीप्रधान देशात बेकारी असली तरी धान्य आणि भांडवल यांची टंचाई असते, म्हणून केन्सचे युरोपातले औषध इथे जसेच्या तसे लागू पडत नाही. राव हे नियोजनाचे विरोधक नव्हते, हे लक्षात ठेवले म्हणजे या वादात बाजू किती सरमिसळ होत्या ते कळते.

तात्पुरत्या हुंड्यांची बेचाळीस वर्षे

जानेवारी १९५५ मध्ये भारत सरकार आणि रिझर्व्ह बँक यांच्यात एक सोय ठरली. सरकारची बँकेतली शिल्लक शुक्रवारी ५० कोटींच्या खाली गेली, की तेवढ्या रकमेची अॅड हॉक ट्रेझरी बिले आपोआप रिझर्व्ह बँकेच्या नावे निघत आणि सरकारच्या खात्यात पैसे जमा होत. सोय तात्पुरत्या चणचणीसाठी होती. प्रत्यक्षात जुनी बिले नव्यांनी फेडली जात आणि पुढे ती मुदतच नसलेल्या रोख्यांत बदलली जात. १९७४ नंतर त्यांवरचा व्याजदर ४.६ टक्क्यांवर गोठला, बाजारातले दर काहीही असोत.

तरी भारत बोलिव्हिया झाला नाही. याचे एक कारण असे, की छापलेल्या पैशातून बँका जे पुढचे कर्ज वाढवतात त्याला रिझर्व्ह बँकेने दुसऱ्या हाताने आळा घातला. १९९० मध्ये बँकांना ठेवींच्या १५ टक्के रोख रिझर्व्ह बँकेत ठेवावी लागे आणि त्यावर ३८.५ टक्के सरकारी रोख्यांत. म्हणजे कर होताच, फक्त तो नोटांऐवजी ठेवीदार आणि कर्जदार यांच्याकडून व्याजाच्या रूपाने वसूल होत होता. १९८५ च्या सुखमय चक्रवर्ती समितीने या साखळीकडे लक्ष वेधले. सप्टेंबर १९९४ च्या कराराने बिलांना मर्यादा घातली आणि १ एप्रिल १९९७ पासून ती बंद झाली. त्यांच्या जागी मर्यादित मुदतीची उचल आली. २००३ च्या वित्तीय उत्तरदायित्व कायद्याने एप्रिल २००६ पासून रिझर्व्ह बँकेला सरकारी रोखे थेट घेण्यास बंदी केली. अपवादात्मक परिस्थितीची सूट ठेवली आहे आणि २०२० मध्ये कोरोनाच्या काळात ती वापरावी का यावर खूप लिहिले गेले. ती वापरली गेली नाही, पण रिझर्व्ह बँकेने दुय्यम बाजारातून मोठ्या प्रमाणात रोखे विकत घेतले.

जे सुटलेले नाही

थेट घेणे आणि बाजारातून घेणे यांत खरा फरक किती? एक मत असे की बाजारातल्या खरेदीत वेळ आणि रक्कम मध्यवर्ती बँक ठरवते, आणि हा फरक कागदोपत्री नाही. दुसरे मत असे की खरेदी होणारच याची बाजाराला खात्री असेल, तर मधला दलाल वाढला एवढेच.

२००८ नंतर दुसरा प्रश्न उभा राहिला. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचा ताळेबंद सुमारे ०.९ लाख कोटी डॉलरवरून २०१४ पर्यंत साडेचार लाख कोटींवर गेला आणि महागाई दोन टक्क्यांच्या आसपास रेंगाळली. त्याचे बरेचसे उत्तर असे की तो पैसा बँकांच्या व्याज मिळणाऱ्या राखीव खात्यांत पडून राहिला. व्याज द्यावे लागणारे चलन हे सरकारचे अल्पमुदतीचे कर्जच असते, त्यातून सेन्योरेज फार मिळत नाही. २०२०-२१ मध्ये मात्र पैसा लोकांच्या खात्यांवर थेट गेला आणि जून २०२२ मध्ये महागाई ९.१ टक्क्यांवर पोचली. त्यात सरकारी खर्चाचा वाटा किती आणि तुटलेल्या पुरवठ्याचा व युक्रेनच्या युद्धाचा किती, यावर एकमत नाही. जवळजवळ १९४३ च्या मुंबईतलाच हा वाद आहे, आकडेवारी मात्र आता कितीतरी चांगली आहे.

तिसरा प्रश्न मोजमापाचा. रिझर्व्ह बँकेने २०२३-२४ साठी सरकारला सुमारे २.११ लाख कोटी रुपये दिले आणि २०२४-२५ साठी सुमारे २.६९ लाख कोटी. यात बिनव्याजी नोटांमागे ठेवलेल्या रोख्यांवरचे व्याज आहे, म्हणजे निखळ सेन्योरेज. पण परकीय चलन विकून झालेला नफाही आहे, आणि तो जुन्या काळी स्वस्त घेतलेले डॉलर आज महाग विकल्यामुळे दिसतो. हा दुसरा भाग मिळकत धरायचा की राखून ठेवायचा, याचे सूत्र २०१९ मध्ये बिमल जालान समितीने दिले. बँकेने किती जोखीम-निधी बाळगावा याचा पट्टा मे २०२५ मध्ये रुंदावला गेला. डिजिटल व्यवहार वाढूनही भारतातल्या नोटांची एकूण रक्कम वाढतच आहे. उद्या लोकांनी नोटा कमी बाळगल्या, किंवा रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल रुपयावर व्याज द्यायचे ठरले, तर या मिळकतीचा पाया किती आकसेल याचा हिशेब अजून व्हायचा आहे.